सरांना पत्र लिहिताय? मग नियम कळणार नाहीत याची काळजी घ्या

पालकहो, मुलगा शाळेच्या अंडर-थर्टीन टीममध्ये आला की दोन गोष्टी आपोआप होतात. घरात मातीचे बूट दिसायला लागतात आणि बापाला फुटबॉल कळायला लागतो. दुसरी गोष्ट जरा घाईत होते. मग कोणीतरी शहाणी आई ग्रुपवर टाकते की आपण पीई सरांना पत्र लिहूया, पालकांसाठी नियम समजावून सांगणारं एक छोटं सेशन ठेवा म्हणून. आमच्याकडे ते पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यामुळे अनुभवाने सांगतो, लिहा, जरूर लिहा, पण जपून लिहा, नाहीतर खरंच नियम कळतील आणि मग शनिवारी दुपारी मैदानावर जाऊन करायचं काय?

सुरुवात "आदरणीय सर" अशी करा, आणि दुसऱ्याच ओळीत गेल्या मॅचचा रेफ्री काढा. मी काढला. आमची मॅच फोंड्याकडच्या एका मैदानावर होती, लाल माती, एका बाजूला काजूची झाडं, आणि लाइनवर झेंडे घेऊन दोन राखीव पोरं उभी. आमच्या मिडफिल्डरने मस्त उंच बॉल टाकला, माझा पोरगा पुढे उभा होताच, बॉल खाली आला, त्याने पायात घेतला, समोर एक डिफेंडर आणि गोलकीपर, आणि तेवढ्यात शिट्टी. ऑफसाइड! आता तुम्हीच सांगा, समोर दोन माणसं दिसतायत की नाही? आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, एका काकांनी तर छत्री उगारली (पाऊस नव्हता).

तेव्हा मैदानाच्या कडेला सायकल लावून एक पोदेर उभा होता, संध्याकाळचे पाव घेऊन निघालेला. तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "बाब, पास मारतना तो खंय आशिल्लो तें पळय, बॉल मेळ्ळो तेन्ना न्हय." आणि भोंपू वाजवत गेला पण.

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. पास निघाला त्या क्षणी माझा पोरगा त्यांच्या हाफमध्ये होता, बॉलच्या पुढे होता, आणि तो डिफेंडर त्याच्या दोन पावलं मागे, म्हणजे हाफलाइनच्या बाजूला होता. गोल आणि पोरगा यांच्यामध्ये एकटा कीपर. नियम बघतो तो विरोधी टीमचा शेवटून दुसरा खेळाडू, कीपर धरून; त्याच्यापेक्षा गोलच्या जवळ असलं तर ऑफसाइड, त्याच्या रेषेत असलं तर चालतं. पण बॉल हवेत दोन-अडीच सेकंद होता. तेवढ्यात डिफेंडर जीव खाऊन मागे पळाला आणि गोलच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आमचे चिरंजीव मात्र आकाशाकडे बघत तिथेच. शिट्टी वाजली बॉल पायाला लागल्यावर, निकाल लागला होता पास सुटतानाच. आपण नेमके त्या मधल्या वेळात बॉलकडे बघत असतो, म्हणून आपल्याला अन्याय दिसतो. रेफ्रीचा दोष एवढाच की तो बॉलकडे बघत नव्हता.

तर पत्रात ही गोष्ट अजिबात विचारू नका. "ऑफसाइड कोणत्या क्षणी बघतात?" हे एक वाक्य लिहिलंत की निम्मी आरडाओरड कायमची बंद. त्याऐवजी "रेफ्रींच्या दर्जाबाबत मार्गदर्शन करावे" असं मोघम लिहा.

दुसरं म्हणजे थ्रो-इन. त्याच मॅचमध्ये समोरच्या टीमचा एक पोरगा आमच्या कीपरच्या नाकासमोर एकटा उभा होता, त्यांच्या थ्रो-इनवरून बॉल थेट त्याच्याकडे, आणि गोल. आम्ही परत छत्री. आता थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतोच, गोल किकवरून नसतो, कॉर्नरवरूनही नसतो. हे कळलं तर सगळ्यात मोठं नुकसान हे की पुढच्या वेळी आपल्याला आपल्याच पोरांना विचारावं लागेल की त्या थ्रोच्या वेळी तुम्ही त्याला एकटा सोडलाच का. पोरांवर ओरडण्यापेक्षा रेफ्रीवर ओरडलेलं बरं, तो काही आपल्या घरी जेवायला येत नाही.

आणि तो तिसरा प्रकार, म्हणजे ऑफसाइड जागी नुसतं उभं असणं. आमचा एक विंगर त्यांच्या गोलजवळ बसून बुटाची नाडी बांधत होता, खेळ दुसऱ्या बाजूला, आमच्यातल्या एकाने लांबून बॉल मारला आणि गोल झाला. समोरचे पालक ऑफसाइड ऑफसाइड करत नाचले. पण तो खेळात पडला नव्हता, कीपरच्या नजरेच्या आड येत नव्हता, गोल दिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला नियम आवडला. पत्रात हा प्रसंग घालायला हरकत नाही.

मग सेशन कसं हवं ते लिहायचं. इथे सगळ्यात जास्त सांभाळा. शाळेच्या हॉलमध्ये पॉवरपॉइंट मागा, स्लाइड्स भरपूर, शेवटी चहा आणि पाव-पातळभाजी. चुकूनही मैदानावर प्रात्यक्षिक मागू नका. कारण सर काय करतील, एका बाबाला डिफेंडर करतील, एका आईला स्ट्रायकर, एका काकांना गोलमध्ये उभं करतील, आणि स्वतः पास मारताना मोठ्याने "आता!" म्हणतील, त्या "आता"ला सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि कोण कुठे आहे ते बघायचं. मग तेच परत, पण "आता" नंतर डिफेंडरला पळू द्यायचं. वीस मिनिटांत कळतं हो. चहा गार व्हायच्या आत.

आणखी एक प्रश्न गाळाच: "आमच्या वयोगटाला कोणते नियम बदललेत?" टीव्हीवर बघतो तोच खेळ आपली पोरं खेळतात असं आपण धरून चालतो, पण लहान गटांत हाफ लहान असू शकतो, बॉल लहान, बदली करून बाहेर बसवलेला खेळाडू परत आत येऊ शकतो, आणि कमी खेळाडूंच्या छोट्या मैदानावरच्या मॅचमध्ये कित्येकदा ऑफसाइड ठेवतच नाहीत. हे टूर्नामेंटगणिक वेगळं, म्हणजे सरांनी प्रत्येक स्पर्धेआधी ग्रुपवर चार ओळी टाकल्या तरी पुरे. पण मग धाकट्याच्या सात-सातच्या मॅचला जाऊन आम्ही ऑफसाइड कुणावर ओरडायचा?

तर मी हे सगळं नीट टाळून पत्र लिहिलं. दुर्दैवाने पाठवायच्या आधी बायकोने वाचलं, चार वाक्यं खोडली, चार घातली, प्रात्यक्षिकाचा मुद्दा पहिला केला आणि खाली सही माझीच ठेवली.

सरांचं उत्तर संध्याकाळीच आलं. "शनिवारी साडेतीनला मैदानावर या, मॅच साडेचारला आहे. सगळ्यांनी स्पोर्ट्स शूज घालावेत. तुम्ही डिफेंडर."

गुडघा दुखतो असं कळवलंय. सर म्हणाले, मग लाइनवर झेंडा घेऊन उभे राहा, छत्री घरी ठेवा.