‘किलिग’ आणि इंग्रजांचे हृदय

“फिलिपिनो भाषेत ‘किलिग’ असा शब्द आहे. प्रिय व्यक्ती दिसली की पोटात फुलपाखरे उडतात, ती भावना म्हणजे किलिग. इंग्रजीत याला शब्दच नाही, कारण इंग्रजांना ही भावनाच ठाऊक नाही.”

माझ्या भाचीने हा मजकूर महाविद्यालयातील प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक आहे ते शेवटचे वाक्य. एखाद्या भाषेत एका भावनेसाठी सुटा शब्द नसणे आणि ती भाषा बोलणाऱ्यांना ती भावनाच नसणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी काढायची, तर कोणत्याही समाजाला आपण भावनाशून्य ठरवू शकू. शिवाय ‘इंग्रजीत शब्दच नाही’ हे विधानही आता तसे उरलेले नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने 2016 मध्ये ‘किलिग’ला स्वतंत्र नोंद दिली, आणि तीही नाम व विशेषण अशा दोन्ही रूपांत. फिलिपिन्सच्या 1987 च्या राज्यघटनेने फिलिपिनोबरोबर इंग्रजीलाही राजभाषेचे स्थान दिले आहे. तेथील माणसे इंग्रजी बोलताना हा शब्द सहज वापरतात आणि त्यांची इंग्रजी ही इंग्रजीच आहे.

तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. या उसन्या नोंदीखेरीज इंग्रजीकडे किलिगला पुरा पडेल असा स्वतःचा शब्द नाही. त्याचे कारण मात्र हृदयात नसून व्याकरणात आहे. मुळात किलिग म्हणजे अंगाला येणारा झटका, शहारा. लघवी झाल्यावर अंग थरथरते त्यालाही फिलिपिनोचा पाया असलेल्या तागालोग भाषेत हाच शब्द चालतो. या धातूला प्रत्यय लागून ‘किनिकिलिग’ (आत्ता शहारा येत आहे), ‘किनिलिग’ (येऊन गेला), ‘किकिलिगिन’ (येईल) आणि ‘नाकाकाकिलिग’ (शहारा आणणारे) अशी रूपे होतात. ‘गिनाव’ म्हणजे थंडी, त्यावरून ‘गिनिगिनाव आको’, म्हणजे मला थंडी वाजते आहे. ‘लाग्नात’ म्हणजे ताप, त्यावरून ‘निलालाग्नात आको’, म्हणजे मला ताप आला आहे. ‘किनिकिलिग आको’ हे वाक्य याच रांगेत बसते. प्रेमाचा शहारा येथे थंडीतापासारखा माणसाला गाठतो. इंग्रजीत हे सांगायचे तर ‘थ्रिल’, ‘शिव्हर’ किंवा ‘गिडी’ यांतील एखादा शब्द घेऊन त्याभोवती वाक्य रचावे लागते, आणि त्यातला एखादा पदर हमखास सुटतो.

‘प्रिय व्यक्ती दिसली की’ ही व्याख्या तर निम्मा अर्थच गिळून टाकते. किलिग स्वतःच्या प्रेमात जितका येतो, तितकाच दुसऱ्यांचे प्रेम पाहतानाही येतो, आणि फिलिपिन्सचे दूरचित्रवाणीविश्व मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर चालते. ‘ईट बुलागा’ या दुपारच्या कार्यक्रमातील 2015 चे उदाहरण पाहावे. माइन मेंडोझा ही त्यात याया डब नावाची कठोर चेहऱ्याची मोलकरीण होती. ती स्वतः बोलत नसे, ध्वनिमुद्रित संवादांवर केवळ ओठ हलवी. 16 जुलै रोजी, थेट प्रक्षेपण चालू असताना, पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात अभिनेता आल्डेन रिचर्ड्स आपल्याकडे पाहत आहे हे तिच्या लक्षात आले आणि तो कठोर चेहरा टिकेना; ती लाजून हसली. भूमिकेतून घसरलेल्या त्या एका हसण्यावर प्रेक्षक किलिगने वेडे झाले. मग लेखकांनी दोघांची भेट मुद्दाम लांबवली. लोला निदोरा ही कडक आजी ‘योग्य वेळ येईल’ असे बजावत राहिली आणि दोघे पडद्याच्या दोन भागांतून एकमेकांना खुणा करत राहिले. 24 ऑक्टोबर रोजी फिलिपीन अरीना या भव्य प्रेक्षागृहात त्याच ‘योग्य वेळे’च्या नावाने विशेष कार्यक्रम झाला, तेव्हा त्याच्या हॅशटॅगसह सुमारे 4 कोटी 10 लाख ट्वीट पडले. ट्वीट करणाऱ्यांपैकी कोणीही याया डबच्या जागी नव्हते. तरीही त्यांच्या अवस्थेला किलिग हाच नेमका शब्द होता, आणि याच अर्थापाशी इंग्रजीची सर्वाधिक ओढाताण होते.

राहिली पोटातील फुलपाखरे. इंग्रजीतील हा वाक्प्रचार परीक्षेच्या किंवा भाषणाच्या आधीच्या धास्तीसाठीही वापरतात. किलिगमध्ये तशी भीती नसते. फिलिपिनो माणूस त्या आनंदात किंचाळतो, उशी आवळतो, शेजारच्या मैत्रिणीला चापट्या मारतो. म्हणून ‘किनिकिलिग आको सा कानिला’ या चार शब्दांच्या वाक्याचे इंग्रजी करताना फुलपाखरे बाजूला ठेवावीत आणि ‘त्या दोघांना एकत्र पाहून मी आनंदाने शहारते आहे’ या धर्तीचे पूर्ण वाक्य लिहावे. ते लांबेल, पण अर्थ पोहोचेल.