कोरडे वीप होल आणि भिंतीमागचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

टेकडीची माती अडवणाऱ्या रिटेनिंग वॉलमध्ये मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवतात ती भोकं, म्हणजे वीप होल. त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर आलेली एका वाचकाची प्रतिक्रिया :
"लेख वाचला. वीप होलचं फार स्तोम माजवलंय तुम्ही. भांडुपला टेकडीच्या बाजूला आमच्या सोसायटीची रिटेनिंग वॉल आहे, पक्की आरसीसी, १२ वर्षं झाली. पाइप ठेवलेत, पण भर जुलैतही एकातून थेंब येत नाही. म्हणजे मागे पाणीच नाही. भिंतीला भोकं ठेवून उलट मागची माती वाहून जाणार आणि खालच्या चाळीत चिखल. त्यापेक्षा मागून चांगलं वॉटरप्रूफिंग करा, विषय संपला."

नमस्कार,

मातीचा मुद्दा तुमचा बरोबर आहे आणि लेखात तो मी दोन ओळींत उरकला, ही माझी चूक. त्याकडे येतोच. पण आधी त्या कोरड्या पाइपांचं बघू, कारण तुम्हाला ज्याने निर्धास्त वाटतंय त्यानेच मला धास्ती वाटते.

भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी, जुलैत, भिंतीमागच्या भरावात पाणी नाही, हे होणं कठीण. त्यामुळे पाइप कोरडे असण्याची दोनच कारणं मला दिसतात. एक तर भिंतीच्या मागे तळाशी भोकांचा आडवा पाइप टाकलेला आहे आणि सगळं पाणी त्यातून बाजूच्या गटारात जातंय. तसं असेल तर उत्तम, वरचे वीप होल कोरडेच राहणार. त्या पाइपाचं तोंड कुठे उघडतं ते शोधा, पावसात तिथे धार दिसली पाहिजे. दुसरं कारण, वीप होलची मागची टोकं चिखलाने बुजली आहेत आणि पाणी आतच उभं आहे.

हे दुसरं मी स्वतःच्या कामावर बघितलंय. मुलुंडला उताराचा प्लॉट होता, भिंत ३ मीटर उंच, २० मीटर लांब. साइट माझ्याकडे होती. मे महिना संपत आला, खडी आली नव्हती, पाऊस तोंडावर. खोदाईतून निघालेला मुरूम आणि पिवळी चिकण माती ढीग लावून पडलीच होती. मुकादम म्हणाला, "साहेब, हेच लोटू, पाइप तर ठेवलेत ना." मी हो म्हणालो. पहिला पावसाळा काही झालं नाही. दुसऱ्या जुलैत भिंतीच्या दर्शनी बाजूला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल आली, वर मिठासारखे पांढरे डाग, आणि सगळे पाइप ठणठणीत कोरडे. ओळंबा सोडला तर ३ मीटरच्या उंचीत माथा ३५ मिलिमीटर बाहेर झुकलेला.

आता हिशेब. त्या उंचीची भिंत, मागे निचरा होणारा साधा भराव, तर मातीचा आडवा रेटा दर मीटर लांबीला साधारण २.७ टन. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला की मातीचा वाटा कमी होतो, कारण पाण्यात ती हलकी होते. तो दीड टनावर येतो. पण पाण्याचा स्वतःचा दाब साडेचार टनांचा. एकूण ६ टन, म्हणजे दुपटीहून जास्त. माती कणांच्या घर्षणाने स्वतःला थोडीफार धरून ठेवते, पाण्याला घर्षण नाही, ते पूर्ण वजनाने रेटतं.

म्हणूनच "पक्की आरसीसी" हे उत्तर पुरत नाही. काँक्रीट फुटायची गरजच नसते. भिंत पायासकट पुढे सरकते किंवा कलते, आणि पायाखालची माती ओली झाली की हे आणखी सोपं होतं. डिझाइन पूर्ण पाण्याच्या दाबासाठी करता येतं, पण मग पाया रुंद आणि लोखंड भरपूर. बहुतेक सोसायट्यांच्या भिंती निचरा होणार हे गृहीत धरूनच काढलेल्या असतात. वॉटरप्रूफिंगचंही तेच. ओल आणि डाग थांबतील, लोखंड वाचेल, म्हणून मी ते मागच्या बाजूला करतोच. पण गच्चीवरची टाकी गळत नाही म्हणून तिच्या भिंतीवर पाण्याचा दाब नसतो का?

मुलुंडला ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला उभं करून भिंतीला खालच्या ओळीत कोअर कटरने ४ इंची भोकं पाडली. पहिल्या भोकातून मातकट पाण्याची जी पिचकारी उडाली, ती कटरवाल्याच्या छातीवर. भोकांत चिरा पाडलेले पीव्हीसी पाइप, भोवती माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड गुंडाळून, आतल्या टोकाला किंचित चढते बसवले. झुकणं थांबलं, पण झुकलेली भिंत परत सरळ होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मागचा भराव टप्प्याटप्प्याने उकरला, एकदम नाही, नाहीतर वरचा उतार खाली आला असता, आणि जे आधी करायचं ते तेव्हा केलं.

ते काय, तर तुमच्या मातीच्या प्रश्नाचं उत्तर. भिंतीच्या पाठीला लागून तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर. आमच्या भिंतीला १८ घनमीटर, म्हणजे साडेसहा ब्रासच्या आसपास खडी लागली. खडी आणि माती यांच्या मधे जिओटेक्स्टाइलचा पडदा. पाणी आरपार जातं, माती अडते. हा कापडाचा तुकडा नुसता पाइपाच्या तोंडाला बांधणारे खूप भेटतात. तसं केलं की सगळ्या भरावाचा गाळ त्या तळहाताएवढ्या जागेत साचतो आणि एकदोन पावसाळ्यांत तोंड बंद. पडदा मातीच्या पूर्ण अंगाला हवा. तळाला काँक्रीटचा उतार, त्यावर १५० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, १०० मीटरला १ मीटर उताराने. माथ्यावर खडी उघडी सोडायची नाही, वर फूटभर चिकण माती दाबून बसवायची आणि मागे एक गटार काढायचं, म्हणजे टेकडीवरून वाहणारं पाणी थरात शिरतच नाही. वीप होल एकमेकांपासून दीड मीटरच्या आत, वरची ओळ खालच्या ओळीच्या मधे, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

चाळीत चिखलाचं म्हणाल तर असा थर असेल तिथे पाणी स्वच्छ येतं. गढूळ यायला लागलं आणि वर जमिनीला खळगा पडलेला दिसला, तर पडदा फाटलाय किंवा मुळात नाही. स्वच्छ पाणीही चाळीच्या अंगणात सोडू नका. भिंतीच्या पायाशी पन्हळ करून पावसाळी गटाराला जोडा, मैल्याच्या लाइनला नको.

तुमच्या भिंतीसाठी रविवारी सकाळी दहा मिनिटांचं काम आहे. १० मिलिमीटरची सळई भिंतीच्या जाडीपेक्षा हातभर लांब घ्या आणि हलक्या हाताने पाइपात सरकवा. पलीकडे टक्क करून खडी लागली तर ठीक. सळई लोण्यात गेल्यासारखी शिरली आणि टोकाला पिवळा चिखल आला, तर बुजलंय. खालच्या ओळीतल्या पाचसहा पाइपांत करून बघा, आणि ओळंबा सोडून तीन ठिकाणची मापं तारखेसकट लिहून ठेवा.

चिखल आला आणि माथाही बाहेर असला, तर स्वतः भोकं पाडायला जाऊ नका, इंजिनिअर बोलवा. तोवर भिंतीच्या वरच्या अंगाला गाड्या लावत असाल तर त्या आजच हलवा, आणि खाली चाळीतल्या लोकांना भिंतीलगत झोपू नका म्हणून सांगून या.