कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलण्याची घाई कशाला?

घराभोवती चार कॅमेरे लावून झाले, पायऱ्यांखालच्या कपाटात त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर बसला, की त्याचा मूळ पासवर्ड बदलावा असा विचार एखाद्या चिकित्सक गृहस्थाच्या मनात येऊ शकतो. तो त्याने तत्काळ झटकून टाकावा. कंपनीने `admin` आणि `123456` ही जोडी उगाच दिलेली नाही. ती पुस्तिकेत छापलेली असते, डब्याखालच्या चिठ्ठीवर असते आणि आपण विसरलोच तर जगातील कोणीही ती आपल्याला सांगू शकतो. इतकी सोय बँकेच्या लॉकरलासुद्धा नाही.

या सोयीची खरी कदर २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने केली. तो इंटरनेटवरील पत्ते वाटेल तसे निवडून प्रत्येकाचे टेलनेटचे, म्हणजे दुरून उपकरणाला आज्ञा देण्याच्या जुन्या सोयीचे दार, पोर्ट २३ आणि अधूनमधून २३२३, ठोठावत असे. दार उघडे दिसले की आपल्या यादीतील नावे आणि पासवर्ड लावून पाहत असे. ही यादी फार मोठी होती असे समजू नये. तीत साठाहून थोड्याच अधिक जोड्या होत्या आणि `root`, `admin`, `888888`, `54321` अशी घरगुती मंडळीच त्यांत जास्त होती. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर त्याने ऐन भरात सुमारे ६ लाख उपकरणे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर इतका मारा केला, की तिच्यावर विसंबलेली ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अमेरिकेत कित्येक तास नीट उघडत नव्हती. त्या दिवशी किती कुटुंबांच्या डीव्हीआरने हे जागतिक कार्य केले आणि घरी त्याचा पत्ताही लागू दिला नाही, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. उपकरणांचा विनय तो हाच.

आपल्यालाही असे योगदान द्यायचे असेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. डीव्हीआरला मॉनिटर आणि माउस लावून, नेटची केबल हातात येण्याआधीच पासवर्ड बदलण्याचा खटाटोप करू नये. आधी केबल जोडावी. पासवर्डचे दिवाळीनंतर पाहावे. मोबाइलवर चित्र दिसत नसल्यास बसवायला आलेल्या मुलाला राउटरच्या ‘डीएमझेड’ या रकान्यात डीव्हीआरचा पत्ता घालू द्यावा. त्याने चित्राला लागणारा एकच पोर्ट उघडण्याऐवजी बाहेरून येणारी सगळी वाहतूक थेट डीव्हीआरकडे जाते आणि त्यात टेलनेटही आपसूक येते. मुलगा दहा मिनिटांत मोकळा होतो, आपणही चहा टाकायला मोकळे.

पाहुणा आला हे ओळखावे कसे, हा प्रश्न पडू देऊ नये. चित्र पूर्वीसारखेच दिसत राहते. फार तर रात्री कोणी काही पाहत नसताना राउटरचा दिवा अखंड लुकलुकतो आणि नेट मंदावते, त्याचे खापर नेट देणाऱ्यावर फोडावे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण जाणताच, पण हा नागोबा अधिक शिस्तीचा: आत शिरताच तो टेलनेटचे दार आतून बंद करून घेतो, म्हणजे दुसऱ्या नागोबाला जागा उरत नाही. तो केवळ उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्यामुळे वीज गेली की नाहीसा होतो. म्हणून डीव्हीआर बंद करून पुन्हा चालू करावा आणि समाधानाने झोपावे. पासवर्ड तोच आणि केबल जोडलेली, तेव्हा तो काही मिनिटांत परत येऊ शकतो. आधी केबल काढून, मग यंत्र बंद-चालू करून, पासवर्ड बदलून मगच केबल जोडणे हा त्याचा सरळसरळ अपमान आहे.

एवढे सांगूनही आपण पासवर्ड बदललाच, तर अगदीच निराश होऊ नये. काही जुन्या डीव्हीआरमध्ये पडद्यावरून बदलतो तो केवळ चित्र पाहण्याचा पासवर्ड. टेलनेटच्या `root` खात्याचा `xc3511` हा फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्येच, कोरलेला असतो आणि मेनूतून बदलता येत नाही. आपण मोठ्या हौसेने आजोळच्या गावाचे नाव आणि सोळा अक्षरे घालून पुढचे दार लावावे, मागचे उघडेच राहते. हा योग चुकतो तो दोनच प्रकारच्या लोकांचा. पहिले, टेलनेट बंद केलेले नवे फर्मवेअर घालणारे. दुसरे, डीएमझेड काढून, उपकरणांना परस्पर पोर्ट उघडू देणारी राउटरमधील यूपीएनपी ही सोय बंद करून बाहेरची वाटच मिटवणारे. काही जण तर मोबाइलचा डेटा वापरून बाहेरून स्वतःच्याच राउटरच्या पत्त्यावर पोर्ट २३ ठोठावतात आणि उत्तरादाखल `login:` उमटत नाही ना, हे पाहून घेतात. अशा संशयी माणसांशी सोयरीक करताना विचार करावा.

मिराई लिहिणाऱ्या तिघा तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात गुन्हा कबूल केला, हे वाचून आता येणार कोण, अशी हुरहुर वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचा सोर्स कोड त्यांच्यापैकीच एकाने २०१६ मध्येच सर्वांसाठी खुला करून ठेवला होता आणि त्यावरून पुढे अनेकांनी आपापल्या आवृत्त्या बेतल्या. तेव्हा आपल्या `admin` ला वाट पाहत बसावे लागणार नाही.