गोखरू, रॉकेल आणि कात्री: मावशीच्या ग्रुपवरचा सल्ला

"कुत्र्याच्या केसांत गोखरू अडकलेत? आधी गरम पाण्याने आंघोळ घाला. मग रॉकेल किंवा कोणतेही तेल चोळा. तरी सुटले नाहीत तर कात्रीने मुळापासून कापा. राहिलेले आपोआप गळतात. सर्वांना पाठवा."

हे माझ्या मावशीपर्यंत पोचलं. तिचा लाडू म्हणजे दाट लोकरीचा स्पिट्झ, ज्याला आपण सगळे पॉमेरियन म्हणतो. पावसाळ्यानंतर शेताच्या बांधावर हुंदडून आला की कानामागे आणि शेपटीत गोखरू ठरलेले. घरात रॉकेल नव्हतं म्हणून मावशीने रंगकामाच्या टर्पेंटाइनची बाटली काढली होती. फोन वेळेवर आला म्हणून बरं.

तर आधी रॉकेलच. टर्पेंटाइन, पेट्रोल, थिनर यांनाही हेच लागू. कातडीची आग होते, ती लाल होते, पण खरा धोका पुढचा आहे: कुत्रा अंग चाटतो. जनावरांच्या डॉक्टरांचा नेहमीचा संदर्भग्रंथ म्हणजे मर्क व्हेटरनरी मॅन्युअल. पेट्रोलियमजन्य पदार्थ गिळल्यावर ते फुफ्फुसांत उतरून होणारा न्यूमोनिया हा सर्वांत गंभीर परिणाम, असं त्यात म्हटलंय. म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही; वर येताना तेच पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुणी आधीच चोळलं असेल तर चाटू देऊ नका, भांड्यांच्या सौम्य लिक्विडने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा.

तेलाचं मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. फक्त "कोणतेही" नाही. साधं खोबरेल चालतं. थंडीत गोठलं तर तळहातावर चोळून पातळ करायचं. टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी आहे, "नैसर्गिक" असलं तरी. आणि तेलाने अंग माखायचं नाही, प्रत्येक गोखरूला चार-पाच थेंब पुरेत. जास्त लावलं तर तो चाटत बसतो आणि मग जुलाब.

आंघोळ सगळ्यात शेवटी. ओला गुंता वाळताना आणखी आवळतो आणि गोखरू मध्ये अडकून बसतो.

आता कात्री. "मुळापासून कापा" लिहिणाऱ्याने गुंता कधी हातात धरलेला नसावा. गुंता ओढला की त्याच्याबरोबर खालची कातडी तंबूसारखी वर येते. केसांच्या गर्दीत ती दिसत नाही. कानामागे, काखेत, जांघेत ती पातळ आणि सैल असते. तुम्हाला वाटतं केस कापले, प्रत्यक्षात कातडी कापलेली असते आणि टाके पडतात.

लाडूच्या कानामागे तीन गोखरूंचा एकच गोळा झाला होता. तो असा काढला. तेल घालून दहा मिनिटं थांबलो. गोळ्याच्या मुळाशी, कातडीलगत, केस दोन बोटांत घट्ट धरले, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. कडेचे मोकळे केस बोटांनी बाजूला केले. गोखरूचे आकडे केसांना गुंतलेले असतात, म्हणून त्याला पकडीने चिरडलं. फुटला की पकड ढिली होते आणि तुकडे वेगळे निघतात. मग जाड दातांचा धातूचा कंगवा, टोकाकडून सुरुवात करून थोडं थोडं मुळाकडे. मुळापासून ओढलं तर कुत्रा ओरडतो आणि पुढच्या वेळी कंगवा पाहूनच पळतो.

एक गोखरू तरीही हलेना. तेव्हा कापलं, पण आधी कंगवा कातडी आणि गुंता यांच्यामध्ये सरकवला आणि बोथट टोकाची कात्री कंगव्याच्या वरच चालवली. कापही आडवा नाही, केसांच्या दिशेने उभा. एकदा चिरला की गोळा दोन भागांत फुटतो आणि बाकीचं काम कंगवा करतो. कंगवा मध्ये शिरतच नसेल तर कात्री लावायचीच नाही. तिथे ट्रिमर लागतो, आणि तो डॉक्टरांकडे किंवा ग्रूमरकडे.

"आपोआप गळतात" हे गोखरूबाबत नुसतं खोटं आहे, कुसळाबाबत घातक. बांधावर दोन्ही भेटतात. कुसळी गवताच्या बीला टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, म्हणून ते पुढे सरकतं, मागे येत नाही. त्याची लांब शेपटी ओलाव्याने पीळ घेते-सोडते आणि बी आत ढकलते. म्हणजे गोखरूसाठी घातलेली आंघोळ कुसळाला मदतच करते. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांची आतली बाजू कोरड्यानेच बघा. तो सारखा डोकं झटकत असेल, एकच पाय चाटत असेल, किंवा बोटांमध्ये बारीक छिद्र असलेली सूज दिसली, तर कुसळ आत गेलं असू शकतं. छिद्रात चिमटा घालू नका, ते तुटून अर्धं आत राहतं. थेट डॉक्टरांकडे न्या.