थ्रिप्सचा खात्मा म्हणे! अरे पण कोणत्या पिकावरचा?

डोकं फिरलंय राव आज, त्यामुळे लांबलचक होईल, वाचायचं तर वाचा.

मी नाशिकला बसून शेतीचे व्हिडिओ एडिट करतो. एक सर आहेत, पिकांवर सल्ला देतात, नाव घेत नाही. ते शेतात मोबाईलवर शूट करून पाठवतात, मी कापाकापी करतो, थंबनेल बनवतो, टायटल-डिस्क्रिप्शन भरतो आणि अपलोड मारतो. आणि दर वेळी आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, टायटलमध्ये पीक आणि कीड लिहायची की नाही. सर म्हणतात पिकाचं नाव टाकलं की फक्त त्याच पिकाचे लोक बघतात, व्ह्यूज पडतात. अहो मग तेच तर पाहिजे ना! मिरचीचा व्हिडिओ कांदेवाल्याने बघून काय करायचं, भजी तळायची?

तर झालं काय, गेल्या महिन्यात मामाचा फोन. मामा निफाड तालुक्यात, उन्हाळ कांदा लावलेला, पातीवर पांढरे रुपेरी चट्टे दिसायला लागले, पात वाकडी होऊ लागली. थ्रिप्सच, म्हणजे फुलकिडे, त्यात शंका नव्हती. रात्री जेवण झाल्यावर मामाने मोबाईलमध्ये बोलून शोधलं आणि वर आलं काय, "थ्रिप्सचा १००% खात्मा, फक्त एकाच फवारणीत". व्हिडिओ मिरचीचा. पण सर पहिली दोन मिनिटं हवापाण्यावर बोलतात, मागे प्लॉट धूसर, पिकाचं नाव येतं चौथ्या मिनिटाला, तेही ओझरतं. मामाने तोवर वहीत लिहून घेतलं होतं, "इमिडा, पंपाला इतकं", आणि व्हिडिओ बंद करून झोपला.

सकाळी दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, कोणतं देऊ? मामा म्हणे पांढरी बाटली होती व्हिडिओत. आता बोला! इमिडाक्लोप्रिड बाजारात १७.८ एसएल म्हणून पातळ मिळतं आणि ७० डब्ल्यूजी म्हणून दाणेदार पण मिळतं, दोन्हीत औषधाचं प्रमाण जवळजवळ चौपट फरकाचं. नुसतं "इमिडा" म्हटलं की काहीच कळत नाही. दुकानात जे होतं ते मिळालं, वहीतला आकडा तसाच टाकला, मिलीच्या जागी ग्रॅम झाले का ग्रॅमच्या जागी मिली ते आजपर्यंत मामाला सांगता येत नाही. सोबतचं घडीचं पत्रक दुकानाच्या पिशवीतच राहिलं. त्यात कांदा आहे का, कांद्यावरचा थ्रिप्स आहे का, कोणी बघितलंच नाही.

त्यात पंपाची भानगड. व्हिडिओतला "पंप" पंधरा लिटरचा, मामाचा बॅटरी पंप वीस लिटरचा. लेबलवर मात्रा असते एकराला किंवा हेक्टरला, आणि पाणी किती तेही असतं. समजा एकरी २०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी लिहिलंय, म्हणजे लिटरला एक मिली, पंधराच्या पंपाला १५ मिली, वीसच्याला २०. आता वीसच्या पंपात १५च टाकलं आणि घाईत सहा पंपात एकर उरकलं, तर एकरी पडलं ९० मिली. निम्म्यापेक्षा कमी! मग म्हणायचं औषध बोगस. "पंपाला इतकं" हे मापच नाहीये हो, त्यात पंप किती लिटरचा आणि एकरी किती पंप हे दोन्ही सांगावंच लागतं.

चौथ्या दिवशी मी गावी गेलो, कांद्याची मधली पात उकलली तर आत पोग्यात थ्रिप्सची पिवळसर पोरं मजेत फिरतायत. फिरणारच ना, कांद्यात थ्रिप्स पातीच्या बेचक्यात जाऊन बसतो, पातीवर मेणाचा थर, पाण्याचा थेंब घसरून जातो, म्हणून औषध पातीला चिकटवणारं स्टिकर आणि पोग्यापर्यंत जाईल असं पाणी लागतं. मिरचीत तो शेंड्याच्या कोवळ्या पानात आणि फुलात असतो, पानं वरच्या बाजूला मुडपतात, आणि द्राक्षात तर सगळी भीती मण्यावरच्या डागाची. नाव एकच थ्रिप्स, पण बऱ्याचदा जातसुद्धा वेगळी! आणि करपा म्हणाल तर त्याहून वाईट, कांद्याचा करपा वेगळा, टोमॅटोचा वेगळा, द्राक्षाचा वेगळा, आणि टायटल काय तर "करपा कायमचा बंद". कोणाचा बंद?

मामाला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि व्हिडिओ बघितला तर तो आमचाच. ते टायटल माझ्याच बोटांनी टाइप केलेलं. मामाला अजून सांगितलेलं नाही, हे वाचत असेल तर सॉरी मामा.

आणि हो, सावधानतेची ओळ आम्ही टाकली होती. टाकली होती म्हणजे कुठे, डिस्क्रिप्शनच्या तळाशी, सरांचा नंबर, ग्रुपची लिंक आणि पंचवीस हॅशटॅगच्या खाली, "लेबल वाचून वापर करावा". डिस्क्रिप्शनच्या वरच्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकीचं उघडून कोण बघतो? आणि नुसतं "लेबल वाचा" म्हणून शेतकऱ्याने वाचायचं काय ते पण सांगा ना. लेबल आणि पत्रकावर आपलं पीक आणि आपली कीड आहे का, एकरी मात्रा आणि पाणी किती, काढणीच्या आधी किती दिवस फवारणी बंद, आणि त्रिकोणाचा रंग कोणता. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. द्राक्षवाले पीएचआय, म्हणजे हेच काढणीआधीचे दिवस, पाठ म्हणून दाखवतात कारण मालात औषधाचा रेसिड्यू निघाला की माल अडकतो, पण तोच माणूस घरच्या वांग्यावर फवारून तिसऱ्या दिवशी भाजी करतो.

तर या वेळी मी सरांना न विचारता लिहून पाठवलं. टायटल: "कांदा थ्रिप्स (फुलकिडे): पोग्यातली कीड ओळखा, फवारणी कशी करावी". कांदा पहिला, कारण मोबाईलवर टायटल मागून कापलं जातं, शंभर अक्षरं मिळतात म्हणून शंभर दिसतात असं नाही. डिस्क्रिप्शनची पहिलीच ओळ: "ही माहिती फक्त कांद्यासाठी. मात्रा, पाणी आणि काढणीपूर्व दिवस तुमच्या औषधाच्या लेबलप्रमाणेच घ्या, त्यावर कांदा नसेल तर वापरू नका." टॅगमध्ये `kanda thrips` पण टाकलं, पोरं इंग्रजी अक्षरातच शोधतात, पण टॅगचा उपयोग तेवढाच, पंचवीस टॅग कोंबून टायटलची चूक भरून निघत नाही. आणि व्हिडिओच्या पहिल्या दहा सेकंदात सरांनी कांदा हातात धरून बोलायचं, स्क्रीनवर पण अक्षरं. कारण लोक व्हिडिओ कापून व्हॉट्सअ‍ॅपला टाकतात, तिथे ना टायटल राहतं ना डिस्क्रिप्शन, उरतो फक्त सरांचा आवाज आणि "पंपाला इतकं".

सरांचा रिप्लाय आला आत्ता. "टायटल लई लांब झालं. रामबाण शब्द टाक."

नाही टाकणार. दुसरा एडिटर बघा म्हणावं.