दोनशे प्रश्न आणि शफल, एवढ्याने पेपर सारखा होत नाही

"बँकेत २०० प्रश्न टाका, रँडम २० उचलायला लावा, शफल ऑन करा. प्रत्येकाचा पेपर वेगळा, कॉपी बंद आणि सगळ्यांना सारखा न्याय, कारण निवड कॉम्प्युटर करतो. प्रश्न जितके जास्त तितकं चांगलं."

समाजशास्त्राच्या ऑनलाइन टेस्ट घेणाऱ्या शिक्षकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि बरेच जण तसंच करतायत, मीही पहिली दोन वर्षं तेच केलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी न्यायाचं बघू. कॉम्प्युटर पक्षपात करत नाही हे खरं आहे, पण चिठ्ठी निष्पक्ष उचलली म्हणून सगळ्यांच्या हातात सारखंच येतं असं नाही. आकडे त्याच मेसेजचे घेऊ. समजा २०० पैकी १०० प्रश्न सोपे आहेत, म्हणजे वर्गातले साधारण ८५ टक्के मुलं बरोबर करतात असे, आणि १०० अवघड, जे ४५ टक्केच करतात. आता २० उचलले की सरासरी १० सोपे येतात, पण ही सरासरी झाली, प्रत्यक्षात साधारण १०० पैकी १२ मुलांना ७ किंवा त्याहून कमी सोपे प्रश्न येतात आणि तेवढ्याच मुलांना १३ किंवा त्याहून जास्त. ४० च्या वर्गात म्हणजे दोन्ही टोकांना पाच-पाच मुलं. एकच मध्यम अभ्यासाचा मुलगा ७ सोप्यांचा पेपर मिळाला तर सरासरी ११.८ मार्क घेईल आणि १३ सोप्यांचा मिळाला तर १४.२. जवळपास अडीच मार्कांचा फरक, अभ्यास तोच, नशीब वेगळं. आणि हे फक्त सोपं-अवघडचं झालं, त्यात धड्यांचा वाटा धरला तर कुणाला भूगोलाचे ११ प्रश्न आणि नागरिकशास्त्राचे २ असंही होतं. एका मुलीने मला तिच्या पेपरचा स्क्रीनशॉट दाखवला होता, नकाशावरचे सलग सहा प्रश्न, शेजारच्या मुलाला एकही नाही. तिला काय उत्तर द्यायचं हे मला तेव्हा सुचलं नाही आणि तिथूनच मी पद्धत बदलली.

उपाय फार मोठा नाहीये. एकाच मोठ्या डब्यातून २० उचलण्याऐवजी २० छोटे डबे करायचे आणि प्रत्येकातून एक उचलायचा. आधी आपला नेहमीचा संविधान तक्ता काढायचा, कोणत्या घटकाला किती मार्क, त्यातले आठवणीचे किती, नकाशा किंवा तक्ता वाचायचे किती, कारण सांगायचे किती, आणि त्या तक्त्यातली प्रत्येक जागा म्हणजे एक डबा. मूडलमध्ये प्रत्येक जागेसाठी वेगळी कॅटेगरी करायची आणि क्विझमध्ये `Add` मधून `a random question` निवडून त्या कॅटेगरीतून एकच प्रश्न घ्यायचा, असं २० वेळा. कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय. गूगल फॉर्मवाल्यांनी लक्षात घ्या की तिथे प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम शफल होतो पण बँकेतून प्रश्न उचलायची सोय फॉर्ममध्ये नाही, सगळ्यांना तेच प्रश्न जातात.

आता खरी अडचण, आणि मेसेजमध्ये हिचा उल्लेखच नाही. एका डब्यातले प्रश्न एकमेकांची भावंडं असली पाहिजेत, म्हणजे कुठलाही आला तरी तितकाच अवघड. गणितात आकडे बदलले की बऱ्याचदा भावंड तयार होतं, आपल्या विषयात तसं होत नाही. "फ्रेंच राज्यक्रांती कोणत्या साली सुरू झाली" आणि "वेस्टफेलियाचा तह कोणत्या साली झाला" हे दोन्ही साल विचारणारे प्रश्न आहेत, पण १७८९ मुलांनी दहा वेळा ऐकलेलं असतं आणि १६४८ एखाद्या ओळीत वाचलेलं असतं. एका डब्यात ठेवले तर डबे करून काही उपयोग नाही.

भूगोलात जिथे आकडे बदलता येतात तिथेसुद्धा जपून. माझा एक डबा रेखावृत्त आणि स्थानिक वेळेचा होता, १५ अंशांना एक तास या नियमावरचा. मूडलमध्ये इम्पोर्ट करायला जीआयएफटी फॉरमॅटमध्ये पहिला प्रश्न असा:

```
$CATEGORY: $course$/S07-timezone

::S07-01:: ग्रीनिचला दुपारचे 12 वाजले आहेत. 30° पूर्व रेखावृत्तावर स्थानिक वेळ काय असेल? {
=दुपारचे 2
~सकाळचे 10
~दुपारचा 1
~दुपारचे 3
}
```

दुसरा ४५° पूर्व, तिसरा ६०° पूर्व, इथपर्यंत ठीक. चौथा मी घातला होता "ग्रीनिचला रात्रीचे १० वाजलेत, ६०° पूर्वला काय वेळ आणि कोणता वार". गणित तेच, चार तास मिळवायचे, पण मध्यरात्र ओलांडली की वार बदलतो आणि ती एक जास्तीची पायरी झाली. तसंच ८२.५° पूर्व घेतलं तर साडेपाच तास येतात, अर्ध्या तासाचा हिशोब वाढतो. पश्चिमेचं रेखावृत्त घेतलं तर वजाबाकी, आणि पूर्व-पश्चिम उलटं करणारी मुलं बरीच असतात. यातला कुठलाही प्रश्न वाईट नाही, फक्त तो या डब्यातला नाही. म्हणून मी आता डबा भरताना प्रश्न सोडवायच्या पायऱ्या कागदावर मोजतो, सगळ्यांच्या पायऱ्या सारख्या असतील आणि चुकीचे पर्यायही त्याच चुकीतून आलेले असतील (वरती सकाळचे १० हा मिळवायच्या ऐवजी वजा केल्यामुळे येतो, तसा पर्याय चारही भावंडांत हवा) तरच ती भावंडं.

लोकसंख्येच्या घनतेला हीच युक्ती छान चालते, क्ष, य, र अशा काल्पनिक प्रदेशांचा लोकसंख्या आणि क्षेत्रफळाचा तक्ता द्यायचा, सर्वात दाट कोणता विचारायचं आणि आकडे बदलून चार तक्ते करायचे. इतिहासातल्या निव्वळ माहितीच्या प्रश्नांना मात्र मला भावंडं करता आलेली नाहीत, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथे ओढून-ताणून करूही नयेत. ते प्रश्न सगळ्यांना तेच ठेवा. माझ्या २० पैकी ६ प्रश्न सगळ्यांना कॉमन असतात. त्याचा अजून एक फायदा, कॉमन प्रश्नांत सारखे मार्क असलेल्या दोन मुलांचे बाकीच्या १४ मध्ये खूप वेगळे मार्क आले तर मी आधी त्यांचे डबे तपासतो. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, पण तसंच चार-पाच जोड्यांत दिसलं तर बहुतेक डब्यातच गडबड असते.

रँडममध्ये अजून एक गोष्ट होते, एक प्रश्न दुसऱ्याचं उत्तर फोडतो. "१४ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये कोणत्या किल्ल्यावर जमावाने हल्ला केला" हा प्रश्न ज्याला आला त्याला राज्यक्रांतीचं साल फुकटात मिळालं, बाकीच्यांना नाही. असे दोन प्रश्न सापडले तर एक काढून टाका, आणि दोन्ही खरंच सारखेच अवघड असतील तर एकाच डब्यात टाका, डब्यातून एकच उचलला जातो त्यामुळे दोन्ही एका पेपरात येऊच शकत नाहीत. उतारा किंवा नकाशावरचे तीन-चार प्रश्न मात्र एकत्रच राहिले पाहिजेत, त्यासाठी मूडलचा `Embedded answers (Cloze)` प्रकार वापरा, उतारा आणि त्याचे उपप्रश्न मिळून तो एकच प्रश्न धरला जातो. आणि पर्याय शफल करणार असाल तर "वरीलपैकी सर्व" आणि "अ आणि ब दोन्ही" हे पर्याय आधी काढा, ते वर गेले की अर्थच राहत नाही.

मग प्रश्न किती हवेत? माझं उत्तर कमी. प्रत्येक डब्यात चार. कारण साधं आहे, भावंडं खरंच सारखी आहेत का हे शेवटी मुलांच्या उत्तरांवरूनच कळतं, आणि त्यासाठी प्रत्येक प्रश्न पुरेशा मुलांना यावा लागतो. २०० मधून २० उचलले तर ४० च्या वर्गात एक प्रश्न सरासरी चारच मुलांना येतो. चारातल्या तिघांनी बरोबर केला यावरून काय समजणार? चारच्या डब्यात तोच प्रश्न १० मुलांना जातो, तीन तुकड्या धरल्या तर ३० ना. मूडलच्या `Statistics` रिपोर्टमध्ये प्रत्येक प्रश्नासमोर `Facility index` दिसतो, म्हणजे त्या प्रश्नाला मुलांनी सरासरी किती टक्के मार्क मिळवले. समजा वेळेच्या डब्यात ८०, ७७, ८३ आणि ३७ आले. पहिल्या तिघांतला फरक ३० मुलांमध्ये सहज येतो, तो सोडून द्या, चौथ्याचा मात्र येत नाही, तो प्रश्न उघडून बघा, बहुतेक वार बदलणारा निघेल. नाहीतर उत्तराची खूण चुकीच्या पर्यायावर असेल, तेही होतं.

तसं निघालं तर फक्त ज्यांना तो प्रश्न आला त्यांना फुकट एक मार्क देऊ नका, त्याने बाकीच्यांवर अन्याय होतो. मी त्या मुलांचा पेपर १९ पैकी धरतो आणि २० वर नेतो, म्हणजे १९ पैकी १४ असतील तर १४.७.

राहिली कॉपी. शेजारच्याचं बघून लिहिणं चारच्या डब्यांनी आणि क्रम बदलल्याने बऱ्यापैकी थांबतं, दोघांचे रँडम १४ पैकी सरासरी साडेतीनच प्रश्न सारखे असतात आणि तेही वेगवेगळ्या नंबरवर. कॉमन सहा असतात तेवढे उघडे राहतात, ते मी मान्य करूनच ठेवतो. पण सर्च करून उत्तर काढणं रँडमने अजिबात थांबत नाही, तिथे काल्पनिक प्रदेशांचा तक्ता उपयोगी पडतो कारण तो कुठे सापडत नाही. आणि एका बॅचने दुसऱ्या बॅचला सांगणं तर त्याहून थांबत नाही. चारच्या डब्यात पाच मित्रांनी आपापले प्रश्न एकत्र केले तर रँडम प्रश्नांपैकी साधारण तीन चतुर्थांश त्यांच्या हातात येतात. २०० च्या बँकेतही पाच जणांकडे ४१ टक्के येतात, म्हणजे तिथेही सुटका नाही. त्यामुळे सगळ्या तुकड्यांची टेस्ट एकाच वेळी लावा, आणि ते जमत नसेल तर दुसऱ्या बॅचला कॉमन सहा बदला आणि प्रत्येक डब्याची वेगळी चार भावंडं करा, त्याच साच्यातली, पायऱ्या पुन्हा मोजून.