पूलमध्ये ठेवलेले पैसे म्हणजे मुदत ठेव नव्हे

‘युनिस्वॅपच्या पूलमध्ये पैसे ठेवले की बँकेपेक्षा बरे व्याज मिळते’ हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीन वेगवेगळ्या जाणत्या माणसांकडून ऐकले. यातला ‘व्याज’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे, असे माझे मत आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी युनिस्वॅप हा क्रिप्टो टोकनांच्या अदलाबदलीचा बाजार चालतो कसा, हे आधी पाहावे लागेल.

आपल्या शेअर बाजाराच्या ॲपमध्ये एका बाजूला घेणाऱ्यांचे आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे भाव ओळीने दिसतात. ती ऑर्डर बुक. तिथे भाव लावणारे मोठे व्यापारी आपल्या ऑर्डर सतत मागे घेतात आणि नव्या टाकतात. युनिस्वॅप जिच्यावर उभा राहिला त्या इथेरियमच्या ब्लॉकचेन साखळीवर मात्र ऑर्डर टाकणे आणि ती रद्द करणे हे दोन्ही स्वतंत्र व्यवहार ठरतात, प्रत्येकाला गॅस म्हणून शुल्क पडते आणि व्यवहारांच्या नोंदींचा नवा ब्लॉक येण्यासाठी सुमारे १२ सेकंद थांबावे लागते. एवढ्या वेळात बाहेरचा भाव हललेला असतो. हेडन ॲडम्स यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू केलेल्या युनिस्वॅपने ही अडचण सोडवली नाही, तर ऑर्डर बुकच काढून टाकून तिला बगल दिली.

तिच्या जागी आला पूल, म्हणजे दोन टोकनांचा एक सामायिक साठा, आणि भाव ठरवणारे एक सूत्र: x × y = k, म्हणजे दोन्ही टोकनांच्या साठ्यांचा गुणाकार कायम. समजा, पूलमध्ये इथेरियमचे चलन असलेले १० इथर आणि डॉलरशी बांधलेले २०,००० डॉलरचे यूएसडीसी टोकन आहेत. गुणाकार २,००,००० आणि भाव २,००० डॉलर. मला एक इथर हवा असेल, तर मागे ९ राहतील, आणि गुणाकार तोच राहण्यासाठी डॉलरची बाजू २२,२२२ झाली पाहिजे. म्हणजे २,००० चा भाव पाहून आलेल्या मला २,२२२ डॉलर मोजावे लागतील, शिवाय ०.३ टक्के शुल्क वेगळे. हाच एक इथर शंभरपट मोठ्या पूलमधून घेतला असता, तर भावातला फरक जेमतेम दोन डॉलरचा पडला असता. म्हणून उथळ पूलमध्ये मोठा सौदा करणाऱ्याने पडद्यावरचा भाव न पाहता हातात नेमके किती पडणार तो आकडा पाहावा.

आता ठेवीदाराकडे, म्हणजे पूलमध्ये पैसे ठेवून सौद्यांवरचे शुल्क मिळवणाऱ्याकडे वळू. या सूत्राला बाहेरच्या जगातला भाव कळत नाही; त्याला फक्त आपल्या साठ्याचे प्रमाण कळते. बाहेर इथर चौपट होऊन ८,००० वर गेला, तरी पूल तो जुन्याच भावापासून विकायला बसलेला असतो. दोन बाजारांतल्या फरकावर जगणारे व्यापारी, म्हणजे आर्बिट्राज करणारे, नेमके याच क्षणी येतात आणि पूलचा भाव ८,००० होईपर्यंत इथर उचलत राहतात. उडी एकदमच आली, असे धरू. हिशेब सरळ आहे: पूलमध्ये ५ इथर आणि ४०,००० डॉलर उरतात. व्यापाऱ्याने २०,००० डॉलर देऊन ४०,००० डॉलरचे इथर नेले.

उरलेल्या साठ्याची किंमत ८०,००० डॉलर होते. ती मूळच्या ४०,००० च्या दुप्पट दिसते आणि ठेवीदार खूश होतो. पण तेच १० इथर आणि २०,००० डॉलर त्याने घरच्या पाकिटात नुसते पडू दिले असते, तर आज त्यांचे १,००,००० झाले असते. या २०,००० च्या तफावतीला ‘तात्पुरता तोटा’ म्हणण्याची पद्धत आहे. भाव पुन्हा २,००० वर आला तर तो भरून निघतो, हे खरे; पण भाव परत न येताच पैसे काढले, तर त्यात तात्पुरते काहीच उरत नाही. त्या व्यापाऱ्याकडून मिळालेले शुल्क साधारण ६० डॉलर. फक्त शुल्कातून २०,००० भरून काढायचे, तर या छोट्याशा पूलमधून सुमारे ६७ लाख डॉलरची उलाढाल व्हायला हवी.

तेव्हा ते शुल्क म्हणजे व्याज नव्हे. जुन्या भावाने माल विकत राहण्याचा धोका ठेवीदार पत्करतो, त्याचा तो मोबदला आहे, आणि तो पुरेसा आहे की नाही हे उलाढाल व भावातली चढउतार या दोन गोष्टींवर ठरते. दोन्ही डॉलरशी बांधलेल्या टोकनांच्या पूलमध्ये हा धोका बराच कमी असतो, कारण तिथे भाव सहसा हलत नाही. अर्थात त्यातले एखादे टोकन डॉलरपासून सुटले, तर पूलमध्ये नेमके तेच टोकन साचत जाते.

मे २०२१ मध्ये आलेल्या युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत ठेवीदाराला आपले पैसे ठरावीक भावपट्ट्यातच लावता येऊ लागले. त्याच पैशांत शुल्क जास्त मिळते, पण त्या पट्ट्यात तोटाही तितकाच दाट होतो. शिवाय भाव पट्ट्याच्या वर गेला, की हातात फक्त डॉलर उरतात आणि शुल्कही थांबते. मग पट्टा हलवायचा, पुन्हा गॅस भरायचा, भावावर नजर ठेवायची. भाव सतत बदलत बसण्याचे जे काम ऑर्डर बुकवर व्यापारी करत असे, तेच आता ठेवीदाराच्या गळ्यात आले आहे. पगारदार माणसाने ते नोकरी सांभाळून करावे, असे मला वाटत नाही.